डॉलर ८९ पार, जानेवारीची फी भरायची आहे, चार्ट बघून थांबावं काय?

टिळकवाडी_बाबा | २५ नोव्हेंबर २०२५, रात्री

नमस्कार मंडळी. मुलगा टेक्सासला एमएस करालाय, दुसरं सेमिस्टर जानेवारीत चालू. १२,००० डॉलर फी, शेवटची तारीख १२ जानेवारी. ऑगस्टची फी माझ्या खात्यातून गेली, तेव्हा काहीच न बघता बँकेत जाऊन सही करून आलो. ह्या वेळी म्हटलं जरा अभ्यास करू, म्हणून महिनाभर फोनवर डॉलर रुपयाचा चार्ट बघत बसलोय, बायको म्हणते क्रिकेट सोडून हे काय नवीन.

तर झालं असं की सप्टेंबर अखेरपासून डॉलर ८८.८० ला जाऊन परत खाली यायचा, पाच सहा वेळा तरी तसं झालं, मी मनात ठरवलं की ८८.८० च्या वर हा जात नाही, ८८.३० ला आला की भरून टाकू. आणि गेल्या शुक्रवारी २१ तारखेला दुपारपर्यंत बरा होता, मी जेवून झोपलो, उठून बघतोय तर ८९.४० च्या वर. आज ८९.२० दाखवालंय. पुतण्या म्हणतो की तुटलेली लेव्हल परत भेटायला येते, म्हणजे ८८.८० परत येणार, तोवर थांबा. थांबू काय? सात आठवडे हातात आहेत.

निपाणी_ट्रेडर | २५ नोव्हेंबर

काका पुतण्या बरोबर सांगालाय. ब्रेकआऊट झाला की रिटेस्ट येतोच, वर डेली आरएसआय, भावाचा जोर दाखवणारा आकडा, ७० च्या वर जाऊन आलाय म्हणजे ओव्हरबॉट, खरेदी जास्तच झालीय, आता पडणार. माझं टार्गेट ८८.६०. घाईत भरू नका, आता भरणारे वरच्या टोकाला भरणार. मी स्वतः निफ्टी करतो पण चार्ट तो चार्टच, नाव कुठलं का असेना.

खानापूर_वैशाली | २५ नोव्हेंबर

माझा भाऊ दुबईत आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो, घराचं काम चालू आहे खानापुरात. त्यालाही थांब म्हणून सांगू काय? तो म्हणालाय आता चांगला रेट मिळतोय.

उद्यमबाग_जुना | २६ नोव्हेंबर

वैशालीताई, तुमचं उलटं आहे. बाबा डॉलर विकत घेणार, तुमचा भाऊ विकणार. रुपया पडला की तुमचं भलं आणि बाबांचं नुकसान. दिरहम डॉलरला ३.६७ ला बांधलेला आहे म्हणून चार्ट हाच चालतो तुम्हाला, पण बाबांना जो सल्ला मिळेल तो उलटा करून वाचा. घराचं काम अडणार असेल तर भावाला थांबवू नका.

आता बाबा तुमचं. माझं उद्यमबागेत कास्टिंगचं युनिट आहे, २२ वर्षं एक्सपोर्ट करतोय, म्हणजे मी पण डॉलर विकणाराच, तेवढं ध्यानात ठेवून वाचा माझं. पण ८८.८० बद्दल एक सांगतो. तुम्ही त्याला रेझिस्टन्स म्हणता, म्हणजे तिथं पुष्कळ विकणारे बसलेत असं धरून चालता. शेअरमध्ये तसं असतं, हजारो लोक असतात, कुणी ८८.७५ ला विकतो कुणी ८८.८५ ला, म्हणून लेव्हल जराशी पसरट असते. ह्या ८८.८० ला बघा, किती धारदार होती. सहा सात आठवडे एकाच पैशावर अडालेला भाव तुम्ही दुसऱ्या कुठल्या शेअरमध्ये बघितलाय? कारण तिथं डॉलर विकणारा मोठा एकच होता, रिझर्व्ह बँक. सरकारी बँकांच्या मार्फत विकायचे, बाजारातल्या सगळ्यांना माहीत होतं.

आता एकच दुकानदार भाव धरून बसलेला असला आणि त्यानं एक दिवस शटर ओढलं, तर तुमची लेव्हल राहिली कुठं? २१ तारखेला तेच झालं. शटर ओढलंय बघितल्यावर ज्यांनी ८८.८० च्या वर स्टॉप, म्हणजे भाव तुटला की डॉलर घ्यायच्या ऑर्डरी, लावून ठेवलेल्या ते सगळे एकदम घ्यायला धावले आणि दोन तासात साठ पैसे गेले. म्हणून रिटेस्ट येईल काय ह्याचं उत्तर चार्टमध्ये नाही. दुकानदार परत तिथं येऊन बसणार काय, हे मुंबईतल्या त्या बिल्डिंगीत ठरतं, आणि ते आधी सांगत नाहीत. त्यांचं म्हणणं कायम एकच, आम्ही कुठला भाव धरत नाही, फक्त जास्त उड्या मारू देत नाही.

निपाणी_ट्रेडर | २६ नोव्हेंबर

साहेब आरबीआय असो की आणि कुणी, शेवटी सगळं प्राइसमध्ये दिसतंच की. १५ ऑक्टोबरची मोठी लाल कँडल बघा, ८८.८० वरून एका दिवसात ८८ च्या जवळ. ज्यानं ८८.८० ला धीर धरला त्याला ७० पैसे मिळाले. हे टेक्निकलच नव्हं काय?

उद्यमबाग_जुना | २६ नोव्हेंबर

१५ ऑक्टोबरला तुम्ही म्हणता ते झालं, खरं आहे. फेब्रुवारीत पण झालेलं, ८८ ला टेकायला आलेला डॉलर दोन दिवसात ८७ च्या खाली आणला होता. पण ती कँडल उमटायच्या आधी चार्टवर काय दिसत होतं सांगा बघू. १४ ऑक्टोबरची संध्याकाळ आणि २० नोव्हेंबरची संध्याकाळ, दोन्ही चार्ट शेजारी ठेवा, भाव जवळजवळ तोच, आकार तोच. एकाच्या पुढं ७० पैसे खाली, दुसऱ्याच्या पुढं ६० पैसे वर. आरएसआय दोघांचा मिळताजुळता असणार.

माझं म्हणणं चार्ट फेकून द्या असं नाही. दोन गोष्टी त्यातनं कळतात. एक म्हणजे ही जोडी दिवसाला साधारण किती हलते, एरवी दहा वीस पैसे, आणि मधूनच एक दिवस साठ सत्तर. दुसरं म्हणजे कल कुठला आहे. महिन्याचा चार्ट काढून २०१० पासून बघा, कल कुठला ते सांगायला टेक्निकल लागत नाही. महिनोन्महिने तळ्यासारखा पडून राहतो आणि मग एक पायरी चढतो. पायरी कधी ते दिसत नाही.

शहापूरकर | २६ नोव्हेंबर

माझी गोष्ट सांगतो, बाबांनी ऐकावी. मुलगी पण अमेरिकेतच, ऑगस्टची फी. मे च्या सुरुवातीला डॉलर ८४ च्या खाली आला होता बघा, एक दिवस ८३.७५ ला शिवून गेला. सगळीकडे तेच चाललेलं की आता ८३ येणार, चार्टवर खालचा सपोर्ट ८३ चा, मी पण थांबलो. पैसे तयार होते, इनव्हॉइस पण आलेली. ८४.५० झालं, म्हटलं परत येईल. ८५.५० झालं, म्हटलं आता एवढं वर गेल्यावर कोण भरणार. जूनमध्ये इराणचं झालं तेव्हा ८६ च्या वर, मग परत ८५.४० पर्यंत आला, तेव्हा तरी भरायला पाहिजे होतं, पण मनात ८३ बसलेला. शेवटी ३१ जुलैला ट्रम्पनं २५ टक्के टॅरिफ म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी भरले, स्क्रीनवर साडे ८७. १८,००० डॉलर होते. गुणाकार मी करत नाही, तुम्ही करा.

पेन्शनर_मावशी | २७ नोव्हेंबर, सकाळी

मी एका बँकेत फॉरेक्सच्या टेबलावर १४ वर्षं होते, आता नातवंडं सांभाळते. सगळे चार्टवर भांडालेत पण टिळकवाडी बाबांनी एक आकडा दिलाच नाही. फोनवर ८९.२० दिसतंय ठीक आहे, तुमची बँक काय दर लावणार? तो फोनवरचा दर बँका बँकांच्या आपापसातला असतो, खरेदी विक्रीच्या मधला, तो तुम्हाला मिळत नाही. तुम्हाला मिळतो टीटी सेलिंग, म्हणजे बँक तुम्हाला डॉलर विकते तो दर. सकाळी दहाच्या सुमारास कार्ड रेट निघतो आणि लहान रकमेला तोच लागतो. आज फोन करून विचारा आणि इथं लिहा.

टिळकवाडी_बाबा | २७ नोव्हेंबर, सकाळी ११

विचारलं मावशी. स्क्रीनवर ८९.३०, आणि शाखेतली मुलगी सांगालीय ९०.४०. एक रुपया दहा पैसे जास्त! मी म्हटलं चुकून युरोचा सांगितलास काय. वर पैसे परदेशी पाठवायचे स्विफ्टचे चार्जेस वेगळे आणि जीएसटी वेगळा.

पेन्शनर_मावशी | २७ नोव्हेंबर

हेच म्हणायचं होतं. एक रुपया दहा पैसे गुणिले १२,००० म्हणजे १३,२०० रुपये. तुम्ही महिनाभर ८८.८० आणि ८८.३० करत बसलात ते ५० पैसे, म्हणजे ६,०००. त्याच्या दुप्पट पैसे काउंटरवर चाललेत आणि त्यात तर अंदाज करायचाच नाही, नुसतं विचारायचं.

आता असं करा. शाखेत म्हणा की मला कार्ड रेट नको, ट्रेझरीकडून डील रेट मागा. १० लाखाच्या घरातली रक्कम आहे, मिळतो. सोबत दुसऱ्या एका बँकेचा किंवा परवानाधारक मनी चेंजरचा लेखी दर दाखवा. तीस चाळीस पैशाच्या वर मार्जिन देऊ नका. डील रेट बाजार चालू असताना मिळतो, दुपारी दोननंतर बहुतेक शाखा घेत नाहीत. आणि दर फोनवर कबूल केला की तेवढ्या मिनिटात खात्यात पैसे पाहिजेत, एफडी मोडून येतो म्हटलं की दर गेला.

जीएसटी काढून डोकं पिकवू नका, १० लाखाला ९९० रुपये होतो, वर गेलं तरी थोडाच वाढतो.

निपाणी_ट्रेडर | २७ नोव्हेंबर

मावशींचा मुद्दा मान्य, हा अँगल मला माहीत नव्हता. पण मार्जिन कमी करून घ्या आणि वर थांबा पण, दोन्हीचा फायदा. नाहीतर एनएसईवर फ्युचर घ्या की, १,००० डॉलरचा एक लॉट, १२ लॉट, भाव बांधून टाका.

उद्यमबाग_जुना | २७ नोव्हेंबर

फ्युचरची कल्पना चुकीची नाही. खरी देणी असेल तरच ते करता येतं असा नियम रिझर्व्ह बँकेनं गेल्या वर्षी कडक केलाय, बाबांची फी खरी आहे म्हणजे चालेल. पण त्यांना करन्सी सेगमेंट उघडायला लागणार, रोज मार्जिनचे पैसे कमी जास्त होणार, आणि पुढच्या महिन्याचा भाव आजच्यापेक्षा पंधरा वीस पैसे महागच असतो, व्याजाच्या फरकामुळं. शिवाय शेवटी बँकेतनंच डॉलर घ्यायचे आहेत, ते मार्जिन चुकत नाही. १२,००० डॉलरसाठी मी नाही करणार. माझ्या फॅक्टरीला मी बँकेत फॉरवर्ड करतो ती गोष्ट वेगळी.

बाबा, मला विचाराल तर अर्धे आज उद्या. उरलेल्या अर्ध्यासाठी कागदावर दोन ओळी लिहून फ्रिजवर चिकटवा. ८८.८० आलं तर भरायचं. स्क्रीनवर ९० झालं तर त्याच दिवशी भरायचं. दोन्ही नाही झालं तर ५ जानेवारीला, असेल त्या भावाला. ५ का, तर १२ तारीख शेवटची आणि स्विफ्टला कधी कधी चार दिवस जातात, मधी शनिवार रविवार येतो, आणि विद्यापीठाची लेट फी डॉलरमध्ये असते.

टिळकवाडी_बाबा | २७ नोव्हेंबर, संध्याकाळी

केलं! बायकोच्या खात्यातून, कारण माझ्या पॅनवर ऑगस्टमध्येच १० लाखाची मर्यादा संपली, आता माझ्याकडून गेलं असतं तर सगळ्यावर ५ टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो टॅक्स. दुसऱ्या बँकेचा कागद दाखवला तर आमच्या मॅनेजरनी हुबळीला फोन लावला आणि ३५ पैशावर आले. ६,००० डॉलर, ८९.६५ नं. ५,३७,९०० रुपये. मॅनेजर म्हणाले सर हे आधी कुणी विचारतच नाही वो. कागद फ्रिजवर लावला, बायकोनं त्यावर दुधाचा हिशोब लिहिला.

गोकाक_राजू | २९ नोव्हेंबर

आमचं एज्युकेशन लोन आहे, बँक थेट विद्यापीठाला पाठवते. आम्हाला चार्टचा काय उपयोग? कुठल्या दिवशी पाठवणार तेच सांगत नाहीत.

पेन्शनर_मावशी | ३० नोव्हेंबर

राजू, लोनमध्ये डिस्बर्समेंटच्या दिवशीचा दर लागतो. डिमांड लेटर तुम्ही कधी देता तेवढंच तुमच्या हातात. पण दर तिथं पण विचारता येतो, लोन आहे म्हणून कार्ड रेटच घ्यायला पाहिजे असं काही नाही. लोनच्या पैशावर टीसीएस आता लागत नाही, एप्रिलपासून काढलाय, लावला तर विचारा.

टिळकवाडी_बाबा | ३ डिसेंबर, दुपारी

९०.१५ दाखवालंय. टीव्हीवर लाल अक्षरात चाललंय. कागदाप्रमाणं आज भरायला पाहिजे. पण सगळीकडे म्हणालेत की ९० हा मोठा गोल आकडा आहे, इथं सरकार गप्प बसणार नाही, आरबीआय येणार, परवा त्यांची पॉलिसी पण आहे. दोन दिवस थांबू काय?

निपाणी_ट्रेडर | ३ डिसेंबर

आता तर नक्कीच थांबा. आरएसआय ७५ च्या वर, सायकॉलॉजिकल लेव्हल, पॉलिसीच्या आधी सगळे प्रॉफिट बुक करणार.

उद्यमबाग_जुना | ३ डिसेंबर

कागद कशाला लिहिलेला मग?

टिळकवाडी_बाबा | ५ डिसेंबर

पॉलिसीत रेपो पाव टक्का कमी केला, ५.२५. मला वाटलेलं ह्यानं रुपया आणि पडणार, पण ९० च्या जरा खालीच आहे. निपाणीकर बरोबर ठरालेत असं दिसतंय. सोमवारी बघू, ८९.५० आला तर भरतो.

शहापूरकर | ५ डिसेंबर

८९.५० कुठनं आला मधीच? फ्रिजवर तर तो आकडा नव्हता. माझा ८३ असाच आलेला.

टिळकवाडी_बाबा | १६ डिसेंबर, रात्री

काय सांगू मंडळी. ८९.५० आलाच नाही. १२ ला ९०.४०, काल ९०.७०, आज ९१ च्या पार. सकाळपासून छातीत धडधडत होतं, म्हटलं आता ९२, ९३ कुठं जाऊन थांबतोय काय माहीत, अमेरिकेबरोबरचं डील पण होईना, विदेशी गुंतवणूकदार रोज विकून जायलेत. दीड वाजता बँकेत गेलो आणि भरून आलो. स्क्रीन ९१.००, मला ९१.३५. ५,४८,१०० रुपये. बायकोच्या पॅनवर आता एकूण १०,८६,०००, म्हणजे १० लाखाच्या वरच्या ८६,००० वर ४,३०० टीसीएस पण कापला, तो रिटर्नमध्ये परत मिळेल म्हणा. सुटलो एकदाचा.

निपाणी_ट्रेडर | १७ डिसेंबर, दुपारी

काका!!! कालच भरलात काय? आज बघा, सकाळी ९१ ला उघडला आणि कोसळलाय, ९० च्या आसपास येऊन गेला. मी म्हणत होतो पडणार म्हणून. आरएसआय खोटं बोलत नाही.

उद्यमबाग_जुना | १७ डिसेंबर

अरे बाबा, आरएसआय ३ डिसेंबरपासून तेच सांगत होता. ९०.१५ ला ओव्हरबॉट, ९०.४० ला ओव्हरबॉट, ९०.७० ला ओव्हरबॉट. दोन आठवडे रोज पाऊस येणार म्हणायचं आणि पंधराव्या दिवशी आला की बघा म्हटलेलं. ह्या जोडीत पायरी चढताना आरएसआय वरच अडकून बसतो, त्याला विकणारा दिसत नाही.

आज सकाळी दुकानदार परत आला, जोरात आला. सरकारी बँका उघडल्या उघडल्या विकायला लागलेल्या, आमच्या डीलरचा फोन आलेला की साहेब तुमचे डॉलर असतील तर लगेच विका. मी विकले नव्हते. मला वाटत होतं ९२ होणार. म्हणजे मी पण काय सांगतोय तुम्हाला, २२ वर्षं करून कालच्या चार्टवर मला आजची सकाळ दिसली नाही.

आणि एक, पडून कुठं आला? तुम्ही सांगितलेल्या ८८.६० ला नाही.

निपाणी_ट्रेडर | १७ डिसेंबर

येईल की अजून. ट्रेंड बदललाय आता.

पेन्शनर_मावशी | १८ डिसेंबर

बाबा मनाला लावून घेऊ नका. मी हिशोब मांडला तुमचा, वाईट वाटणार नसेल तर वाचा.

तुमचे दोन हप्ते मिळून १०,८६,०००. सगळे १२,००० डॉलर २७ नोव्हेंबरलाच ३५ पैसे मार्जिननं घेतले असते तर १०,७५,८००. म्हणजे थांबल्याचे १०,२०० गेले. उद्यमबागवाल्यांच्या कागदाप्रमाणं ३ तारखेला दुसरा हप्ता भरला असता तर ९०.५० नं ५,४३,०००, म्हणजे तेव्हाच्यापेक्षा नंतर ५,१०० जास्त गेले. आणि आता हे बघा, २७ ला काहीच न विचारता, कुठला चार्ट न बघता, त्या मुलीनं सांगितलेल्या ९०.४० नं डोळे मिटून सगळे भरले असते तर १०,८४,८००. तुमच्या आत्ताच्या खर्चापेक्षा १,२०० नं कमीच. मॅनेजरकडून घासाघीस करून जे मिळवलंत ते सगळं ह्या तीन आठवड्यात गेलं.

शहापूरकर | १८ डिसेंबर

मावशी पण हे नंतरचं गणित आहे. १ डिसेंबरला अमेरिकेबरोबर डील झालं असतं आणि डॉलर ८८ ला आला असता तर तुम्हीच म्हटला असता बाबा हुशार.

पेन्शनर_मावशी | १८ डिसेंबर

खरं आहे, म्हटलं असतं. म्हणून थांबल्याचे १०,२०० मी चूक म्हणत नाही, ते उलटं पण पडू शकलं असतं. मार्जिनचे ७५ पैसे मात्र डॉलर कुठंही गेला तरी वाचणारच होते, तेवढाच फरक सांगालीय.

खानापूर_वैशाली | १९ डिसेंबर

भावानं १६ ला पाठवले, त्याला डॉलरच्या हिशोबानं ९१ च्या घरातला रेट मिळाला. स्लॅबचं सामान आलं. त्यानं चार्ट वगैरे काही बघितलेलं नाही, त्या दिवशी पगार झालेला.

टिळकवाडी_बाबा | २२ डिसेंबर

वैशालीताई अभिनंदन, तुमच्या स्लॅबमध्ये माझे थोडे पैसे आहेत असं समजतो.

आता ९० च्या खाली आलाय परत, मी ॲप काढून टाकलं. खरं सांगायचं तर ३ तारखेला बँकेत जायला कोण अडवत नव्हतं. पहिला हप्ता ८९.६५ ला घेतलेला ना, मग ९०.५० देताना हात चालेना, आपण महाग घ्यालोय असं वाटलं. ९१.३५ देताना काहीच वाटलं नाही, नुसती भीती. उद्यमबागवाले, तुमचा कागद चांगला होता, वरच्या आकड्याला मीच पाळला नाही.

एक नवीनच भानगड झाली, कुणाला माहीत असेल तर सांगा. मुलगा म्हणालाय विद्यापीठाच्या पोर्टलवर ५० डॉलर बाकी दाखवालंय. मी १२,००० बरोबर पाठवलेत, पावती आहे. बँकेत विचारलं तर म्हणाले आमच्याकडून पूर्ण गेले.

पेन्शनर_मावशी | २२ डिसेंबर

अरे देवा, हे मी सांगायला विसरले, माझी चूक. मधली अमेरिकेतली बँक तिचे चार्जेस काढून घेते, तुमच्यात प्रत्येक वेळी २५ डॉलर काढलेले दिसतात. दोन वेळा पाठवलंत म्हणून दोनदा. फॉर्मवर परदेशातले चार्जेस कोणाचे असा एक रकाना असतो, तिथं पाठवणाऱ्याचे अशी खूण केली की पूर्ण रक्कम पोचते, इथं थोडे जास्त घेतात. तुमच्या फॉर्मवर बहुतेक दोघांचे वाटून अशी असणार, बघा.

उद्यमबाग_जुना | २२ डिसेंबर

दोन हप्ते करा म्हणून मीच सांगितलेलं. म्हणजे त्यातले २५ डॉलर माझ्या खात्यावर लिहा. कास्टिंगच्या बिलात पण ह्याच २५ साठी दर महिन्याला भांडण असतं आमचं.

टिळकवाडी_बाबा | २२ डिसेंबर

बघितलं, दोन्ही फॉर्मवर तशीच खूण आहे, आणि सही माझ्याच बायकोची. आता ५० डॉलरसाठी परत ए-टू फॉर्म, पॅन, इनव्हॉइस, सगळं करायचं काय?

पेन्शनर_मावशी | २२ डिसेंबर

नको. मुलाला सांगा तिथल्या त्याच्या कार्डानं भरू दे. १२ तारखेच्या आत.